त्यात काय बघायचंय?

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आधीच कबूल केलेलं बरं. या हिंदी मुलखात, साकेत नगरातल्या आमच्या छोट्या वाचनालयात मी बावीस वर्षं काउंटरवर बसले, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी एकाच वाक्यावर चिडण्यात गेली असतील. लोक येतात, टेबलावर कोपर टेकवतात आणि म्हणतात, "एखादं पुस्तक द्या." अहो, एखादं म्हणजे कोणतं? किराण्याच्या दुकानात जाऊन कुणी "सामान द्या" म्हणतं का? तिथे तूरडाळ अर्धा किलो, फुटलेली नको, एवढं बारीक सांगतात. आमच्याकडे आले की मात्र शब्द आटतात.

मोठी माणसं अशी, तर पोरांचं काय सांगावं. ती नुसती "पुस्तक" म्हणतात आणि गप्प उभी राहतात. पण पोरांवर चिडून उपयोग नसतो, हे मला नागपूरला ग्रंथालयाचा कोर्स करताना आमच्या बाईंनी शिकवलं होतं. त्या म्हणायच्या, काउंटरवरचा पहिला प्रश्न हा खरा प्रश्न नसतोच. त्याच्या मागचा प्रश्न बाहेर येईपर्यंत जागेवरून उठायचं नाही. मी ते वहीत लिहून घेतलं, परीक्षेत लिहिलं, मार्कही मिळवले. नोकरीत किती पाळलं ते आता सांगते.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. दुपारी दोनच्या सुमाराला एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाई आमचीच सभासद होती, मागच्या गल्लीत राहणारी. ती मुलीची मामी. म्हणाली, हिचे बाबा ॲडमिट आहेत, आई दिवसभर तिकडेच असते, वॉर्डात लहान मुलांना सोडत नाहीत. मला दुपारी शिकवण्या असतात, दोन तास इथे बसू द्याल का? मी म्हटलं, बसू दे की, त्यासाठीच तर आहे.

बाबांना काय झालंय ते मी विचारलं नाही. आमच्या भागात ही रीतच पडून गेली आहे. समोर एवढं मोठं हॉस्पिटल, त्यामुळे दर तिसऱ्या घरात कुणाचा तरी नातेवाईक डबा घेऊन उतरलेला असतो. काय झालंय म्हणून विचारलं की माणूस उभ्या उभ्या रडायला लागतो. म्हणून विचारायचं नाही, पाणी द्यायचं, पंख्याखाली बसवायचं. चांगली रीत आहे, मी अजूनही तसंच म्हणेन. पण त्या उन्हाळ्यात ती मला महाग पडली.

मुलीने फ्रॉकच्या खिशात दोन्ही हात घातले होते. मी विचारलं, काय हवंय तुला? ती म्हणाली, "पुस्तक."

मी विचारलं, कितवीत आहेस? उत्तर मामीने दिलं, तिसरी पास, आता चौथीत जाईल, अवधपुरीच्या शाळेत आहे, हिंदी छान वाचते, मराठी जरा अडखळत. मग मामीच म्हणाली, परीची गोष्ट वगैरे काहीही द्या, टाइमपास होईल. मी चौथीच्या कप्प्यातलं परीचं पुस्तक काढून दिलं. मामी गेली. दहा मिनिटांनी पुस्तक काउंटरवर परत आलं आणि पाठोपाठ तोच शब्द आला. मी विनोदी गोष्टी दिल्या. त्याही परत आल्या. मग कोडी दिली, ती तर तिने उघडलीसुद्धा नाहीत. चौथ्यांदा "पुस्तक" म्हणाली तेव्हा माझं डोकं तापलं. जिभेच्या टोकावर आलं होतं, की बाई गं, एवढी पाच हजार पुस्तकं आहेत, ती काय भाजी आहे का?

नशीब, बोलले नाही. मुलीच्या तोंडाकडे बघितलं. ती हट्ट करत नव्हती. हट्टी पोर ओळखू येतं, ते आपल्याकडे चोरून बघत असतं. ही कपाटांकडे बघत होती, एकेका ओळीवरून डोळे फिरवत, कुणाला तरी गर्दीत शोधावं तशी.

मग मी काउंटरच्या बाहेर आले. मुलांच्या कपाटाशी एक बुटकं स्टूल असतं, त्यावर बसले. गुडघे कुरकुरले, पण तिचं तोंड आणि माझं तोंड एका उंचीवर आलं. वरून विचारलं की मूल उत्तर देत नाही, सुटका करून घेतं. हे कुठल्या कोर्सात नव्हतं, हे मला माझ्या गुडघ्यांनी शिकवलं.

आणि बसल्या बसल्या पहिली चूक केली. विचारलं, गोष्टीचं हवंय की चित्रांचं? ती म्हणाली, चित्रांचं. आता मीच दोन पर्याय पुढे केले तर ती बिचारी तिसरं कुठून आणणार? तिने दोनातलं एक उचललं, माझा मान ठेवला. मी चित्रांची चार पुस्तकं पसरली, तिने चारही बाजूला सारली. तेव्हा मला आमच्या बाई आठवल्या. पर्याय द्यायचे नाहीत. "का हवंय" असंही विचारायचं नाही, कारण "का" म्हटलं की मुलांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. विचारायचं असं, की उत्तर त्यांच्याच पोतडीतून यावं.

मी म्हटलं, "असं समज, तुला हवं ते पुस्तक सापडलं. तू उघडलंस, आणि बरोब्बर हवं ते पान समोर आलं. काय दिसतंय त्या पानावर?"

आणि थांबले. थांबणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम, निदान माझ्यासारखीला. मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. पंधरापर्यंत आले तेव्हा ती म्हणाली, "भिंत."

मी नुसतं तिचंच बोलणं तिला परत दिलं. भिंत. बरं. अजून?

"पाल," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "शेपटी."

काय आनंद झाला म्हणून सांगू! मी उठले ती तडक विज्ञानाच्या कपाटाकडे. प्राण्यांच्या रांगेत पाचशे सत्त्याण्णव क्रमांकावर सरपटणारे प्राणी लागतात, साप, कासवं, पाली, सगळे शेजारी शेजारी. हिंदीतलं एक जाड, रंगीत चित्रांचं पुस्तक होतं. मी ते तिच्या हातात दिलं, पण पान शोधून दिलं नाही, मागची सूची उघडून दिली. तिने "छिपकली" शोधलं, आकड्यावर बोट ठेवलं, पानं उलटली आणि थांबली. पानावर भिंतीवरची पाल होती आणि शेजारी तिची तुटलेली शेपटी. ओळीखाली बोट धरून ती वाचत गेली. मी विचारलं, हेच का? तिने मान डोलावली. पुस्तक छातीशी धरलं. मामीच्या कार्डावर ते लिहून घेतलं, आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर सात दिवसांनंतरच्या तारखेचा शिक्का मारला.

संध्याकाळी चहा घेताना नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. एका शब्दावरून पालीच्या शेपटीपर्यंत पोचले, आहे का कुणाची टाप! तो म्हणाला, वा. त्याला पालींची किळस येते, त्यामुळे तेवढंच म्हणाला.

पुढचे चार दिवस ती रोज आली आणि तेच पुस्तक घेऊन बसली. ते पान तिने वहीत उतरवून काढलं, चित्रासकट. मला वाटलं, पोरगी शास्त्रज्ञ होणार. ट्यूबलाइटच्या मागे राहणारी आमची पालही मी तिला दाखवली. ती खूप वेळ मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, हिची आहे." शेपटी शाबूत आहे, असं तिला म्हणायचं होतं.

पाचव्या दिवशी मुलगी आली नाही, तिची आई आली. सुरकुतलेली साडी, डोळ्यांखाली काळं, हातात ते पुस्तक. मुदत संपायला दोन दिवस होते. मी पाणी दिलं, पंख्याखाली बसा म्हटलं. ती बसली नाही. म्हणाली, तुम्ही दिलंत का हे तिला? मी अभिमानाने हो म्हणाले.

मग तिने सगळं सांगितलं. मुलीचे बाबा कारखान्यात टेक्निशियन. स्कूटरवरून येताना ट्रकखाली पाय सापडला. जखम चिघळली आणि उजवा पाय गुडघ्याच्या खाली कापावा लागला. घरात मुलीला कुणी सरळ सांगितलं नव्हतं, पण मोठ्यांच्या कुजबुजीतून तिला कळलं होतं. रोज संध्याकाळी मामीच्या फोनवरून ती बाबांशी बोलायची. आता टाके सुकले होते. उरलेल्या पायावर घट्ट पट्टी बांधून सूज उतरवायची, त्याला आकार आणायचा, मग कृत्रिम पायाचं माप घ्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबा तयार झाले होते. मोठ्या मुश्किलीने तयार झाले होते.

आणि पोरीने फोनवर पालीचं पान वाचून दाखवलं. शेपटी तुटली तरी नवी येते. मग म्हणाली, बाबा, पट्टी घट्ट बांधू देऊ नका, पायाला बाहेर यायला जागा पाहिजे. आणि नकली पाय तर लावूच नका, नाहीतर खरा कुठून येईल?

"चार दिवस झाले, ते पट्टी बांधू देत नाहीत," आई म्हणाली. "सिस्टर आली की तोंड फिरवतात. म्हणतात, पोरीचं मन कसं मोडू. त्यांनाही निमित्तच हवं होतं हो. सूज परत चढलीय. डॉक्टर म्हणतात, असं केलंत तर माप घेणार कशाचं?"

खोटं कशाला सांगू, मला आधी रागच आला. पुस्तक चुकीचं नव्हतं. पालीची शेपटी येतेच. पुस्तकात जे छापलंय त्याला मी काय करू? हे सगळं जिभेवर आलं आणि तिथेच विरलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय. मी मुलीला विचारलं होतं, हेच का? तिने मान डोलावली आणि मी खूश होऊन शिक्का मारला. त्या पानात तिला काय बघायचंय, हा एक प्रश्न उरला होता. शेवटचा आणि खरा. तो मी विचारलाच नाही. पाच दिवस ते पोर माझ्यासमोर बसून आपल्या बापाचा पाय शोधत होतं आणि मी तिला ट्यूबलाइटमागची पाल दाखवत होते. आज इतक्या दिवसांनी हे लिहिताना सुद्धा मला माझी लाज वाटते.

आई म्हणाली, "आमच्या कुणाच्या तोंडून निघत नाही. तिचा विश्वास पुस्तकावर आहे. तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली तेव्हा मी स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं. हा भार माझ्या कामाचा आहे की नाही, यावर रात्रभर माझं माझ्याशीच भांडण झालं होतं. पण चूक माझी होती, तर निस्तरणंही माझंच. मी ते पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, या पानात तू काय शोधत होतीस?

ती लगेच बोलली. जणू कुणीतरी विचारायचीच वाट बघत होती. म्हणाली, बाबांचा पाय किती दिवसांत येईल ते. पालीची शेपटी किती दिवसांत येते ते दिलंय, पण माणसाचं दिलं नाही. तिने पूर्ण पुस्तक बघितलं होतं. माणूस कुठेच नव्हता.

मी म्हटलं, माणूस दुसऱ्या कपाटात असतो, चल. सहाशे बारा क्रमांकावर आपलं शरीर. दोन पुस्तकं काढली आणि आम्ही दोघी सूची घेऊन बसलो. आधी पालीच्याच पानाची मागची बाजू वाचली, जी तिने वहीत उतरवली नव्हती. नवी शेपटी येते, पण तिच्यात पहिल्यासारखी हाडं नसतात, आत नुसती कूर्चा असते. आपल्या कानाच्या वरच्या भागात असते ना, तशी लवचिक. तिने आपला कान दाबून बघितला. मग शरीराच्या पुस्तकात नखं बघितली. नखं येतात. केस येतात. खरचटलं तर कातडी येते. मोडलेलं हाड जुळतं, त्याचंही चित्र होतं. ती प्रत्येक वेळी वर बघायची आणि पुढचं विचारायची. शेवटी "पाय" काढला. पायाची हाडं, पायाचे स्नायू, पायाचे पंजे. तीन पानं होती. पाय परत येत नाही, असं मात्र त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पुस्तकं असंच करतात. जे होतं ते सांगतात. जे होत नाही ते सांगण्याची पाळी आली की माणसाला पुढे करतात.

तिने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही येत, बेटा," मी म्हटलं. "माणसाचा पाय परत येत नाही. तू पहिल्या दिवशी आलीस तेव्हाच मी तुला नीट विचारायला हवं होतं. चूक माझी आहे, तुझी नाही."

ती रडली नाही. मीच रडले. पदराने डोळे पुसताना वाटलं, आता ही उठून जाईल आणि परत या दारात पाऊल टाकणार नाही. ती बसून राहिली. फ्रॉकच्या खिशात हात घातले. काउंटरवर दोन माणसं ताटकळत उभी होती, मी त्यांना हाताने थांबा म्हटलं. एकाने घड्याळ बघितलं. बघ म्हटलं मनात, किती बघायचं ते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पुस्तक."

या वेळी मी जागची हलले नाही. त्यात काय बघायचंय, असं विचारलं. आणि थांबले. आकडेही मोजले नाहीत.

"नकली पाय दुखतो का," ती म्हणाली. "आणि जिना चढता येतो का."

असं मुलांसाठीचं पुस्तक आमच्याकडे नव्हतं. तेही मी तिला सरळ सांगितलं. नाही म्हणून सांगायला मला आता भीती वाटत नव्हती. पण पुस्तक नसलं तर माहिती कुठे असेल ते शोधणं हेही आमचंच काम. तिच्या आईला मी फोन केला, कृत्रिम पाय जिथे बसवतात तिथे एखादं माहितीपत्रक मिळतं का बघा म्हटलं. दोन दिवसांनी आईने ते आणलं, चित्रांचं, हिंदीतलं. आम्ही तिघींनी मिळून वाचलं. सुरुवातीला टोचतो, कातडीला सवय होईपर्यंत रोज थोडा थोडा वेळच घालायचा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा पाय आधी. उरलेला पाय ज्यात घालायचा तो साचा नीट बसावा म्हणून आधी पट्टी घट्टच बांधावी लागते. हे शेवटचं तिने दोनदा वाचलं.

त्या संध्याकाळी तिने फोनवर बाबांना काय सांगितलं ते मला आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हणाली होती, बाबा, पालीचं पान आपलं नाहीये. आपलं दुसरं आहे. तुम्ही पट्टी बांधून घ्या. बापाने बेल दाबून सिस्टरला बोलावलं.

शाळा सुरू झाल्या, मुलगी अवधपुरीला गेली. दिवाळीही होऊन गेली. मध्ये मामीकडून कळायचं, माप दिलं, पाय आला, घरात चालतात, चिडचिड करतात. मी विचारायला शिकले होते. रीत मोडली म्हणून मला कुणी रागावलं नाही, उलट लोक सांगायला उत्सुकच असतात असं दिसलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. आमच्या वाचनालयाला रस्त्यापासून पाच पायऱ्या आहेत. एक माणूस एका हाताने कठडा धरून पायऱ्या चढत होता आणि शेजारी ती मुलगी होती. ती त्याचा हात धरत नव्हती. नुसती ओठ हलवत होती, चांगला पाय आधी, चांगला पाय आधी. मी मदतीला उठले आणि परत बसले.

तो आत आला, घाम पुसला, काउंटरला कोपर टेकवलं आणि माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "एखादं पुस्तक द्या."

मी तोंड उघडायच्या आतच मुलीने बुटकं स्टूल ओढत आणलं. ते तिच्या बापाला फारच बुटकं होतं, म्हणून मग ती स्वतःच त्यावर उभी राहिली. तिचं तोंड आणि त्याचं तोंड एका उंचीवर आलं.

"बाबा, असं नाही," ती म्हणाली. "त्यात काय बघायचंय ते सांगा."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग दाराबाहेरच्या पायऱ्यांकडे बघितलं.

"काही नाही गं," तो म्हणाला. "इथपर्यंत चालत यायचं होतं."

मी त्याला सभासदत्वाचा फॉर्म भरायला दिला.